पीएस-५ रोज म्हणतो "मला नीट बंद केलं नाही": रेस्ट मोड, भिंतीवरचं बटन आणि बिलाचा हिशेब

ताई नागपुरात महाल भागात राहते. मे महिन्यात तिचा फोन आला. "तुझ्या भाच्याचा तो गेमचा डबा बिघडला वाटते. रोज चालू केला की म्हणते मला नीट बंद केलं नाही. तू येऊन पाहतो का?" त्याआधी दुकानात एकाला दाखवून झालं होतं. त्याने न उघडताच बोर्ड गेला असेल असं सांगून मोठा आकडा ऐकवला होता.

डबा म्हणजे पीएस-५. लक्षण असं, की संध्याकाळी चालू केला की आधी काळी स्क्रीन, मग कन्सोल नीट बंद झाला नव्हता असा संदेश, मग स्टोरेजची तपासणी, आणि त्यानंतर यूएसबीला लावलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कचीही तपासणी. अर्धवट सोडलेला गेम बंद झालेला. कधी रोज, कधी दोन दिवसांआड. हे अनेक घरांत होतं आणि बहुतेक वेळा कन्सोलमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. म्हणून ताईकडे काय निघालं ते सविस्तर लिहितो.

मी स्क्रू-ड्रायव्हर नेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: रात्री झोपताना कन्सोलचा दिवा कोणत्या रंगाचा होता, आणि दुसऱ्या दिवशी संदेश आला की नाही. पाच रात्रींत चित्र स्पष्ट झालं. नारिंगी दिवा लिहिलेल्या चारही रात्रींनंतर संदेश आला. एका रात्री दिवा पूर्ण विझलेला होता, त्यानंतर काही आलं नाही.

नारिंगी दिवा म्हणजे रेस्ट मोड. कन्सोल बंद नसतो, झोपलेला असतो. आणि घरातला शिरस्ता असा, की रात्री अकराला भाऊजी सगळ्या खोल्यांतून फिरून बोर्डावरची बटनं खाली करतात. टीव्हीचा बोर्डही. भाच्याला वाटत होतं मशीन खराब आहे, भाऊजींना वाटत होतं मशीन वीज खातं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि मधल्या मध्ये झोपलेल्या कन्सोलची वीज रोज रात्री तुटत होती.

"मग बटन बंद करायचं नाही का? रात्रभर मीटर फिरू द्यायचं?" भाऊजींचा प्रश्न रास्त होता. म्हणून आधी मीटरचंच बोलतो.

रेस्ट मोड किती वीज घेतो हे आत काय चालू ठेवलंय त्यावर ठरतं. 2019 मध्ये सोनीने सांगितलं होतं, की पीएस-५ मध्ये गेम थांबवून ठेवलेली झोप अंदाजे 0.5 वॅटवर शक्य होईल. पण तो सगळं बंद ठेवल्यावरचा आकडा. इंटरनेट जोडलेलं ठेवलं आणि यूएसबीतून कंट्रोलर चार्ज करायची सोय चालू ठेवली, की तो वाढतो. या सोयी `Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode` इथे असतात. भाच्याकडे `Supply Power to USB Ports` हे `Always` वर होतं आणि `Stay Connected to the Internet` चालू होतं.

किती वाढतो ते भाऊजींसमोरच मोजलं. प्लगमध्ये लावायचे स्वस्त वॅटमीटर दोन-चार वॅटवर भरवशाचे नसतात, म्हणून घराच्या मीटरवरच मोजायचं ठरवलं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रीज, कूलर, पंखे सगळं बंद केलं. फक्त राउटर आणि एक एलईडी बल्ब चालू ठेवला. बल्ब मुद्दाम ठेवला, कारण अगदी थोडी वीज असली तर मीटर ती मोजतच नाही. खाली थोडा पाया असावा लागतो. दहा लुकलुकींना 10 मिनिटं 25 सेकंद लागले. मग नारिंगी दिव्यातला कन्सोल जोडून तेच केलं: 8 मिनिटं 31 सेकंद.

हिशेब सोपा आहे. 3200 चा मीटर असेल तर एक लुकलुक म्हणजे 1125 जूल, दहा म्हणजे 11,250. त्याला सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. पहिल्या वेळी 18, दुसऱ्या वेळी 22. म्हणजे कन्सोलचे 4 वॅट. यूएसबीची वीज `Off` केली तेव्हा दहा लुकलुकींना 9 मिनिटं 37 सेकंद लागले, म्हणजे कन्सोल दीड वॅटवर आला. मेच्या दुपारी पंखा न लावता हे सगळं करायचं म्हणजे शिक्षाच. ताईने "झालं का रे तुमचं, फ्रीजमधलं दही आंबट होऊन राहिलं" असं तीनदा विचारलं.

आता रुपयांत. एक वॅट महिनाभर अखंड चालू राहिला तर 0.72 युनिट होतात. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. युनिटचा दर आपापल्या बिलावरून घ्यावा, मी हिशेबाला दहा रुपये धरतो. चार वॅट म्हणजे महिन्याला 2.9 युनिट, एकोणतीस रुपये. दीड वॅट म्हणजे अकरा रुपयांच्या आत. त्याच बोर्डावरचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने "बंद" करून मोजला तर तो एकटाच नऊ वॅट घेत होता! भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं घरात चोर पोसला.

खरी उधळपट्टी रेस्ट मोडमध्ये नसते. गेम संपवून टीव्ही तेवढा बंद करायचा आणि कन्सोल होम स्क्रीनवर तसाच सोडायचा, यात ती असते. तेव्हा तो पन्नासेक वॅटच्या आसपास घेतो. रोज आठ तास असं झालं तर महिन्याला बारा युनिट, म्हणजे एकशेवीस रुपये. म्हणून `Power Saving` मध्येच `Set Time Until PS5 Enters Rest Mode` आहे, ते जरूर लावावं.

एक्सबॉक्सवाल्यांचं गणित वेगळं आहे. सीरिज एक्स आणि एसवर `Sleep` असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार 10 ते 15 वॅट लागतात, म्हणजे महिन्याला सत्तर ते एकशेआठ रुपये. `Shutdown (energy saving)` केलं तर 0.5 वॅट. मुख्य फरक असा, की चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात. अपडेट त्या मोडमध्येही येतात, आणि क्विक रिझ्युमने अर्धवट थांबवलेला गेम एसएसडीवर साठवलेला असल्यामुळे वीज गेली तरी बहुधा टिकतो. ज्या घरात कोणीतरी रात्री बोर्ड बंद करतं तिथे एक्सबॉक्स `Sleep` वर ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पीएस-५ वर मात्र थांबवलेला गेम वीज तुटली की जातो. सेव्ह न केलेलं सगळं जातं. आणि नुकसान नेमकं कशाचं होतं, हे नीट समजून घ्यावं लागतं.

दिवा पूर्ण विझलेला असेल, म्हणजे मेन्यूतून `Turn Off PS5` केलं असेल, तर भिंतीवरचं बटन बंद केल्याने हार्डवेअरला काहीही होत नाही. रोज केलं तरी नाही. आत घड्याळासाठी नाण्याएवढा एक सेल असतो, तो भिंतीची वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. तो त्यामुळे थोडा लवकर उतरेल, पण तो वर्षांचा हिशेब आहे. बटन चालू करताना पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर रिकामा असतो, म्हणून क्षणभर जोरात करंट ओढला जातो. प्लग खोचताना कधी ठिणगी दिसते ती हीच. हा झटका आवरायची सोय सप्लायमध्ये असते. अशा सप्लायमध्ये बहुतेक वेळा एक छोटी रोधक चकती असते, जी थंड असताना करंट अडवते आणि गरम झाली की वाट मोकळी करते. म्हणूनच खटका खाली-वर, खाली-वर करणं वाईट. चकती अजून गरम, कपॅसिटर रिकामा, मग झटका पूर्ण जोराने बसतो. बंद केलं की अर्धा मिनिट थांबून चालू करा, एवढंच पथ्य.

दिवा नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल तेव्हा प्रश्न हार्डवेअरचा कमी आणि डेटाचा जास्त असतो. कन्सोल त्या वेळी काहीतरी लिहीत असू शकतो. गेम डाउनलोड होत असेल तर फार तर ती फाइल पुन्हा उतरवावी लागते. पण सिस्टिम सॉफ्टवेअरचा अपडेट बसत असताना वीज गेली, तर पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर घेऊन पुन्हा बसवायची वेळ येऊ शकते. म्हणून ताईकडे `System Software Update and Settings` मध्ये जाऊन `Install Update Files Automatically` बंद केलं. फाइल उतरू दे, बसवायची कधी ते माणूस ठरवेल.

हार्डवेअरचं खरंच काही झिजत असेल तर ती यूएसबीची फिरती हार्ड डिस्क. फिरत असताना वीज तुटली की तिचं वाचणारं डोकं घाईघाईने बाजूला ओढलं जातं. तशी व्यवस्था तिच्यात असते, पण ती आणीबाणीसाठी, रोज रात्री अकरासाठी नव्हे. भाच्याची डिस्क वर्षभर हेच सोसत होती. चालू होताना अधूनमधून टकटक करायला लागली होती. तिच्यावरचे गेम हलवून घ्यायला सांगितलं.

तर पहिला उपाय ठरला. रात्री खेळ संपला की पीएस बटन दाबून खालच्या पट्टीतून `Power`, आणि तिथून `Turn Off PS5`. दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग भाऊजींनी खुशाल बोर्ड बंद करावा. कंट्रोलर चार्ज करायला रेस्ट मोडच हवा असं नाही, तो घरातल्या मोबाइल चार्जरवर चार्ज झाला. चालू होण्याचा वेळ स्टॉपवॉचवर पाहिला, तर पूर्ण बंदमधून वीस-बावीस सेकंद, रेस्टमधून साधारण अर्धा. "एवढ्यासाठी भांडून राहिला होता का बे?" असं विचारलं तर भाचा म्हणाला, "मामा, गेम जिथे सोडला तिथून सुरू होते ना." ते खरं आहे. पण ती सोय वीज अखंड राहिली तरच मिळते.

आठ दिवस शांततेत गेले. मग पुन्हा फोन. "मामा, संदेश आला. आणि काल मी ऑफ केला होता, आईशपथ."

पुन्हा कॅलेंडर काढलं. या वेळी संदेश रात्रीनंतर येत नव्हता, खेळता खेळता येत होता. नवतप्याच्या कडक उन्हात दुपारी तीन-चारच्या सुमारास वस्तीतली लाईन जात होती. घरात इन्व्हर्टर आहे आणि टीव्हीचा पॉइंट त्यावर आहे. लाईन गेली की पंखा क्षणभर मंद होऊन पुन्हा फिरतो, दिवा मिचकतो, टीव्ही चालूच राहतो आणि कन्सोल मात्र पटकन बंद. भाच्याला वाटलं मशीन खरंच कमजोर आहे, टीव्ही टिकतो आणि हा टिकत नाही.

तो मोठा कपॅसिटर म्हणजे माठ समजा. भिंतीतून वीज थांबली की आतलं मशीन त्या माठातून पितं. जड गेम चालू असताना पीएस-५ दोनशे वॅटच्या आसपास घेतो, त्या वेगाने माठ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास रिकामा होतो. साध्या घरगुती इन्व्हर्टरला लाईन गेल्याचं ओळखून बॅटरीवर यायला तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. टीव्ही कमी पितो, म्हणून त्याला तेवढी फट निभावून नेता येते. याच कारणाने रेस्ट मोडमध्ये लाईन गेली तर इन्व्हर्टर बहुतेक वेळा कन्सोलला वाचवतो. चार वॅटवर तोच माठ पन्नासपट पुरतो. कॅलेंडरवर हेही दिसत होतं. एक-दोन दुपारी कन्सोल रेस्टमध्ये असताना लाईन गेली होती, आणि संदेश आला नव्हता.

इन्व्हर्टरच्या मागे धूळ बसलेला एक छोटा खटका सापडला, `UPS` आणि `NORMAL` असं लिहिलेला. तो `NORMAL` वर होता. `UPS` वर केला की इन्व्हर्टर जास्त चपळपणे बॅटरीवर येतो. त्याची किंमतही आहे. मग तो व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी लाईन सोडून बॅटरीवर जातो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी कूलर लागले की व्होल्टेज पडतंच. बॅटरी जास्त वापरली जाते. ताईकडे खटका बदलल्यावर पुढच्या चार वेळा लाईन गेली, त्यातल्या तीनदा कन्सोल टिकला. चौथ्यांदा कूलर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर होते, तेव्हा तो गेला. कूलरचा प्लग दुसऱ्या पॉइंटला हलवला. ज्यांना ही फट अजिबात नको आहे त्यांनी कॉम्प्युटरचा वेगळा यूपीएस घ्यावा, पण टीव्ही आणि कन्सोलची बेरीज पाहूनच. छोटा यूपीएस जड गेमच्या भाराखाली स्वतःच ओरडून बंद पडतो.

लाईन परत येतानाची गोष्ट वेगळी. पहिली काही मिनिटं व्होल्टेज उड्या मारू शकतं, कधी येऊन लगेच पुन्हा जातं. तेव्हा भिंतीवरचं बटन तुमच्या बाजूचं आहे. इन्व्हर्टर नसेल आणि लाईन गेली, तर कन्सोलचं बटन लगेच खाली करा आणि लाईन आल्यावर पाच मिनिटांनी वर करा. यात कन्सोलचं आणखी काही बिघडत नाही, तो आधीच पडलेला असतो.

विजा कडकडत असतील तेव्हा मात्र बटन पुरत नाही. भाऊजींचा तोच समज होता, की खटका खाली केला की झालं. आपल्या बोर्डावरचं बटन फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलेच राहतात. वायरिंग उलटं असेल तर तेही नाही. प्लगच काढा. आणि प्लग काढूनही लोक एक वाट विसरतात: गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने कन्सोलमध्ये. राउटरची लॅन केबल असेल तर तीही. जवळ वीज पडली की झटका या वाटेने येतो, आणि जळते ती कन्सोलची एचडीएमआयची बाजू. दिवा लागतो, पंखा फिरतो, चित्र येत नाही. वादळाचा आवाज आला की प्लग, एचडीएमआय आणि लॅन अशा तिन्ही वायरी कन्सोलमधून काढायच्या.

इतकं सगळं करूनही संदेश येतच राहिला, किंवा स्टोरेजची तपासणी दर वेळी लांबत असेल, तर सेफ मोडमध्ये जा. कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवरचं बटन दाबून धरा. एक बीप होईल, सोडू नका, साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप झाली की सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा आणि पीएस बटन दाबा. यादीतलं पाचवं `Clear Cache and Rebuild Database` निवडा, त्यात `Rebuild Database`. यात गेम आणि सेव्ह जात नाहीत, फक्त यादी नव्याने बांधली जाते. वेळ लागतो, आणि त्या वेळात लाईन जाऊ नये म्हणून सकाळी लवकर करा. त्याखालचे पर्याय डेटा पुसणारे आहेत, तिथे बोट जाऊ देऊ नका. डेटाबेस नव्याने बांधूनही, लाईन व्यवस्थित असताना, चालू कन्सोल आपोआप पडत असेल, तर मात्र तो दुकानात न्यायचा मामला आहे.

आता उरली डाउनलोडची रात्र. 90 जीबीचा गेम 40 एमबीपीएसच्या लाईनीवर उतरायला पाच तास लागतात, आणि दिवसभर घरात सगळ्यांचे मोबाइल त्याच नेटवर. तेव्हा रात्री रेस्ट मोड लागणारच. त्या पाच तासांत कन्सोलचे चाळीस वॅट धरले तरी 0.2 युनिट, म्हणजे दोन रुपये. भाऊजींनी हा आकडा ऐकून मान हलवली, पण रात्री अकराच्या फेरीत त्यांचा हात आपोआप बटनाकडे जायचाच. दोनदा गेलाही.

शेवटी ताईनेच तोड काढली. डाउनलोड असेल त्या रात्री ती कपड्यांचा एक निळा चिमटा कन्सोलच्या वायरीला, बोर्डाच्या अगदी खाली लावते. चिमटा दिसला की भाऊजी सेट-टॉप बॉक्सचं बटन बंद करतात आणि पुढच्या खोलीत जातात.